स्कॅनमधलं करडं पान पांढरं करताना अनुस्वार कसा वाचवायचा

माझ्या आत्याची एक वही आहे. साधी, आखीव, दोनशे पानी. तिने त्यात जात्यावरच्या ओव्या निळ्या शाईने उतरवून ठेवल्या, आणि समासात पेन्सिलने बारीक टिपणं केली: ही ओवी कोणाकडून ऐकली, कुठल्या गावची, दुसरी ओळ कोण कशी म्हणतं. घरातल्या सगळ्यांना प्रती हव्या होत्या, म्हणून मी वही स्कॅन केली. हातात धरलेलं पान बऱ्यापैकी पांढरं दिसत होतं. स्क्रीनवर मात्र ते राखाडी आलं, आणि छापल्यावर प्रत्येक पानावर धुराचा थर बसल्यासारखा झाला.

हा अनुभव खूप जणांना येतो. जुनी पत्रं, हस्तलिखित वंशावळी, दिवाळी अंकातलं एखादं कात्रण, काहीही स्कॅन करा, कागद करडा येतो. मग कोणी ब्राइटनेस वाढवतं, कोणी ‘ऑटो’चं बटण दाबतं, आणि पान पांढरं होतं खरं, पण अक्षरंही फिकी पडतात. माझं तेच झालं. पहिल्या प्रयत्नात पान झकास पांढरं झालं आणि समासातली सगळी पेन्सिल नाहीशी झाली. ते लक्षात यायला मला तीस पानं लागली.

यावर ‘लेव्हल्स’ नावाचं साधन नेमकं उपयोगी पडतं. गिम्प, फोटोशॉप आणि बहुतेक फोटो-संपादन प्रोग्रॅममध्ये ते असतं. पण ते किती ओढायचं हे कळलं नाही, तर त्यानेही तेवढंच नुकसान होतं.

## हातात पांढरा, स्क्रीनवर करडा

आपला डोळा पांढरेपणा तुलनेने ठरवतो. वही हातात असते तेव्हा आजूबाजूला टेबल असतं, हात असतात, खोलीतला मंद उजेड असतो. त्या सगळ्यांत कागद सर्वांत उजळ, म्हणून तो पांढरा. स्क्रीनवर त्याच कागदाच्या भोवती प्रोग्रॅमची खरोखरची शुभ्र चौकट असते. तिच्या शेजारी कागदाचा खरा रंग उघडा पडतो.

स्कॅनरही त्याच्या जागी बरोबर असतो. सपाट काचेच्या स्कॅनरमध्ये काचेच्या कडेला आतून एक पांढरी पट्टी असते. स्कॅन सुरू होण्याआधी यंत्र ती पट्टी पाहून ‘पांढरं म्हणजे एवढं’ असं ठरवतं. वहीचा जुना कागद त्या पट्टीइतका शुभ्र नसतो, म्हणून यंत्र त्याला पांढऱ्याच्या खालचा आकडा देतं. ही चूक नाही, प्रामाणिक मोजमाप आहे. आपल्याला फक्त त्या मोजमापाची पट्टी आपल्या कामासाठी बदलायची आहे.

## पान म्हणजे आकड्यांचा ढीग

स्कॅन केलेलं पान म्हणजे बारीक ठिपक्यांची जाळी. प्रत्येक ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. करड्या छटांच्या स्कॅनमध्ये प्रत्येक पिक्सेलला ० ते २५५ मधला एक आकडा असतो. ० म्हणजे कुट्ट काळा, २५५ म्हणजे शुभ्र पांढरा, मधले सगळे करडे. आत्याच्या वहीचं एक पान मी ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके या घनतेने, स्कॅन केलं तेव्हा साधारण ४७ लाख पिक्सेल झाले.

आता हे ४७ लाख पिक्सेल २५६ डब्यांत वाटून टाकायचे, आकडा पाहून प्रत्येकाला त्याच्या डब्यात. कुठल्या डब्यात किती उंच ढीग लागला याचं चित्र म्हणजे हिस्टोग्राम. लेव्हल्सची खिडकी उघडली की डोंगरासारखं जे दिसतं ते हेच.

लिहिलेल्या पानात दोन डोंगर असतात. उजवीकडचा प्रचंड मोठा डोंगर कागदाचा, कारण पानाचा बहुतेक भाग कोराच असतो. डावीकडे शाईचा डोंगर, पण तो इतका ठेंगणा असतो की अनेकदा दिसतच नाही. गिम्पमध्ये हिस्टोग्रामच्या वरच्या कोपऱ्यात त्याचं रूप बदलणारी छोटी बटणं आहेत. तिथे लॉगरिदमिक प्रकार निवडला की बुटके ढीग उंचावतात आणि शाई कुठे आहे ते कळतं. हे बटण मला उशिरा सापडलं. आधी सापडलं असतं तर ती तीस पानं वाया गेली नसती.

माझ्या पानाचे आकडे सांगतो, म्हणजे पुढचं सगळं त्यावर बोलता येईल. कागदाचा डोंगर १८८ पासून २१६ पर्यंत पसरलेला, शिखर २०३ ला. कागद एकसारखा नसतो, त्याला तंतू असतात, खळगे असतात, म्हणून एकच आकडा येत नाही. भरीव शाई ७५ च्या आसपास, सर्वांत गडद ठिकाणी ४८. अनुस्वाराचे ठिपके १२८ च्या जवळ. पेन्सिल १६० च्या जवळ. आणि वहीच्या आखीव रेषा १८२.

हे आकडे काढायला काही लागत नाही. गिम्पमध्ये `Windows > Dockable Dialogs > Pointer` उघडायचं, त्यात `RGB (0..255)` निवडायचं आणि माउस त्या त्या जागी नेऊन वाचायचं. पान मोठं करून बघा, म्हणजे नेमक्या पिक्सेलवर जाता येईल.

## ब्राइटनेस वाढवला तर काय बिघडतं?

ब्राइटनेस अगदी साधेपणाने वाढवला तर प्रत्येक पिक्सेलच्या आकड्यात सारखीच भर पडते. कागदाचं शिखर २०३ वरून २५५ ला न्यायचं तर सगळीकडे ५२ मिळवायचे. कागद २५५ झाला, छान. पण शाई ७५ ची १२७ झाली. म्हणजे काळी शाई मध्यम करडी झाली. घरातल्या सगळ्या भांड्यांत सारखंच पाणी ओतल्यासारखं आहे हे. वरण सैल हवं होतं म्हणून पाणी घातलं, पण ते आमटीतही गेलं आणि ताकातही.

आपल्याला हवं ते वेगळं आहे. कागद वर जावा, शाई खाली जावी किंवा निदान जागची हलू नये.

## लेव्हल्स म्हणजे दोन टाचण्या आणि एक इलॅस्टिक

इलॅस्टिकची एक पट्टी डोळ्यांसमोर आणा. तिच्यावर ० ते २५५ च्या खुणा केल्या आहेत. आता ५५ च्या खुणेपाशी एक टाचणी आणि १८८ च्या खुणेपाशी दुसरी टाचणी लावा. पहिली टाचणी ओढून ० वर न्या, दुसरी ओढून २५५ वर न्या. मधला तुकडा ताणला गेला. टाचण्यांच्या बाहेरचं जे होतं ते टोकांना गोळा झालं: ५५ च्या खालचं सगळं काळं, १८८ च्या वरचं सगळं पांढरं.

लेव्हल्स एवढंच करतं. खिडकीत हिस्टोग्रामच्या खाली तीन त्रिकोण असतात. डावा काळा त्रिकोण ही पहिली टाचणी, उजवा पांढरा ही दुसरी. मधल्या करड्या त्रिकोणाकडे नंतर येऊ. गिम्पमध्ये हे `Colors > Levels` इथे आहे, फोटोशॉपमध्ये `Image > Adjustments > Levels`.

मधला एखादा आकडा ताणल्यावर कुठे जाईल ते काढायला त्यातून ५५ वजा करायचे, उरलेल्याला १३३ ने, म्हणजे दोन टाचण्यांमधल्या अंतराने, भागायचं आणि २५५ ने गुणायचं. ७५ ची शाई अशी ३८ वर येते. कागद सगळा २५५. शाई आणि कागद यांच्यातलं अंतर आधी १२८ होतं, ते २१७ झालं. ब्राइटनेसने हे अंतर आहे तेवढंच राहिलं होतं.

## पांढरी टाचणी कुठे लावायची?

सगळं यावर ठरतं, आणि इथेच बहुतेकांचा हात घसरतो.

पहिला मोह असतो ती शिखरावर, म्हणजे २०३ वर लावायचा. कागद २०३ आहे ना, मग तोच पांढरा. पण शिखर म्हणजे डोंगराचा मध्य. त्याच्या डावीकडे कागदाचेच लाखो पिक्सेल आहेत. १९० चा पिक्सेल मग २३३ वर थांबतो, पूर्ण पांढरा होत नाही. परिणाम असा की पान पांढरं दिसतं, पण त्यावर बारीक धूळ उधळल्यासारखी दिसते. स्क्रीनवर ती चटकन कळत नाही, छापल्यावर कळते.

दुसरा मोह उलटा. धूळ दिसली की माणूस टाचणी डावीकडे सरकवत नेतो, पान आणखी स्वच्छ, आणखी स्वच्छ होत जातं. मी ती १५० वर नेली होती. पान दुधासारखं झालं. पण १६० ची पेन्सिल १५० च्या वर आहे, म्हणून तीही कागदाबरोबर पांढरी झाली. १२८ चा अनुस्वार १९६ झाला, म्हणजे जेमतेम दिसणारा.

अनुस्वार शाईचाच असून शाईपेक्षा फिका का, हे इथे सांगायला हवं. ३०० डीपीआयला एक पिक्सेल कागदावर एका मिलिमीटरच्या बाराव्या भागाएवढी जागा व्यापतो. बारीक निबाची रेघ तीन-चार पिक्सेल रुंद असते. त्यातला कडेचा पिक्सेल अर्धा शाईवर, अर्धा कागदावर पडतो आणि त्याला दोन्हींची सरासरी मिळते: ७५ आणि २०३ ची सरासरी १३९. जाड रेघेला मधले भरीव पिक्सेल असतात. टेकवून उचललेल्या ठिपक्याला जवळजवळ नुसत्या कडाच असतात. म्हणून अक्षरांच्या आधी ठिपके जातात. आणि आपल्या लिपीत ठिपका गेला की ‘चिंता’ची ‘चिता’ होते. ओव्यांच्या वहीत हे परवडत नाही.

म्हणून माझा नियम असा: लेव्हल्सला हात लावण्याआधी पानावरची सर्वांत फिकी पण हवी असलेली खूण शोधायची आणि तिचा आकडा वाचायचा. पांढरी टाचणी कागदाच्या डोंगराच्या डाव्या पायथ्याशी लावायची आणि ती त्या खुणेपासून चांगली दूर आहे ना ते पाहायचं. माझा पायथा १८८, पेन्सिल १६०. मध्ये २८ ची मोकळी जागा आहे. टाचणी १८८ वर लावली की पेन्सिल २०१ वर येते. आकड्याने ती आधीपेक्षा फिकी झाली, पण कागदाशी तिचं अंतर ४३ चं ५४ झालं, आणि डोळ्याला अंतरच दिसतं.

पायथा आणि फिकी खूण एकमेकांना भिडल्या असतील, तर लेव्हल्सने दोन्ही साधणार नाही. अशा वेळी थोडा करडेपणा पानावर राहू द्यावा. पुसलेलं टिपण परत आणता येत नाही.

## काळी टाचणी आणि मधला त्रिकोण

पांढरी जागेवर बसली की काळी सोपी आहे. ती शाईच्या डोंगराच्या डाव्या पायथ्याच्या किंचित आत लावायची. माझ्या पानावर गडद टोक ४८ ला होतं, मी ५५ घेतलं. अक्षरं आणखी ठसठशीत व्हावीत म्हणून ती ११० वर नेऊन पाहिली, तर अक्षरांची पोटं भरू लागली. ‘ब’च्या पोटात जी तिरकी रेघ असते तिच्या बाजूची मोकळी जागा इवलीशी असते, तिथले पिक्सेल करडेच असतात. ते काळे पडले की ‘ब’ आणि ‘व’ यांत फरक उरत नाही. ‘ष’ आणि ‘प’चंही तेच. पोटं भरायला लागली की काळी टाचणी जास्त उजवीकडे गेली, असं समजावं.

मधला करडा त्रिकोण टाचणी नाही. दोन्ही टोकं जागेवर ठेवून मधलं इलॅस्टिक एका बाजूला सरकवायचं काम तो करतो. याला गॅमा म्हणतात. त्याचा मूळ आकडा १ असतो. १ पेक्षा कमी केला की मधल्या छटा गडद होतात, जास्त केला की उजळतात. पांढरी टाचणी आत आणल्याने बारीक रेघा थोड्या रोडावतात, तेवढी भरपाई याने करता येते. मी ०.८ ठेवला. पेन्सिल २०१ वरून १९० ला आली, अनुस्वार १४० वरून १२० ला. कागद २५५ च राहिला, कारण टोकं हलत नाहीत. ०.६ च्या खाली गेलो तेव्हा आखीव रेषा आणि बोटांचे डाग पुन्हा डोकं वर काढायला लागले.

आखीव रेषांचं म्हणाल तर त्या १८२ च्या, म्हणजे पायथ्याच्या थोड्याच खाली. लेव्हल्सनंतर त्या २४१ झाल्या, अगदी पुसट. टाचणी १८० वर नेली असती तर पूर्ण गेल्या असत्या, आणि पेन्सिल तरीही वाचली असती. मी त्या ठेवल्या. वही आहे हे दिसावं असं मला वाटलं.

## ‘ऑटो’चं बटण आहे, मग एवढं कशाला?

ऑटो साधारण असं करतं: पानातला सर्वांत गडद आणि सर्वांत उजळ भाग शोधतं आणि तिथे टाचण्या लावतं. स्कॅनमध्ये वहीच्या भोवती झाकणाची पांढरी कड आली असेल, किंवा पुठ्ठ्याच्या बाजूने काळी पट्टी आली असेल, तर ऑटोला ०-जवळचे आणि २५५-जवळचे पिक्सेल आधीच सापडतात. त्याला वाटतं पट्टी पूर्ण ताणलेली आहे, आणि ते काहीच करत नाही. म्हणून ऑटो वापरायचं असेल तरी आधी पान कडेने कापून घ्या. हाताने काम करतानाही कापूनच घ्यावं, नाहीतर हिस्टोग्राममध्ये वहीबाहेरचे डोंगर येतात आणि गोंधळ होतो.

कापल्यावरही ऑटोला फक्त टोकं कळतात. कागदाचा पायथा कुठे आणि पेन्सिल महत्त्वाची आहे की नाही, हे त्याला कोण सांगणार?

लेव्हल्सच्या खिडकीत ड्रॉपरही असतो: कागदावर टिचकी मारा आणि ‘हे पांढरं’ म्हणा. तो एकाच पिक्सेलवरून ठरवतो. टिचकी २१२ वर पडली तर धूळ राहते, १७५ च्या डागावर पडली तर त्याहून फिकं सगळं जातं. अंदाजासाठी ठीक, शेवटचा आकडा मात्र आपणच लिहावा.

## मग सरळ काळं-पांढरं स्कॅन का करू नये?

स्कॅनरमध्ये करड्या छटा नसलेला, फक्त काळा नाहीतर पांढरा असा प्रकार असतो. त्यात यंत्र एक सीमा धरतं. खालचं काळं, वरचं पांढरं. फाइल लहान होते, पण कडेचे सगळे अर्धे पिक्सेल जातात, अक्षर दातेरी होतं, आणि सीमा चुकली तर पेन्सिल स्कॅनमध्ये येतच नाही. जे आलंच नाही त्यावर लेव्हल्स काय करणार? छापील मजकूर स्वच्छ असेल तर हा प्रकार चालतो. हस्ताक्षरासाठी करड्या छटांत किंवा रंगीत, आणि पीएनजी किंवा टिफ म्हणून साठवावं. जेपेग फाइल लहान करताना अक्षरांभोवती बारीक करडी कुसळं सोडतं, आणि ताणल्यावर तीही ताणली जाऊन ठळक होतात.

## मागच्या पानावरची अक्षरं उमटतात त्याचं काय?

पातळ कागदाची ही मोठी तक्रार. मागची अक्षरं उलटी, पुसट दिसतात आणि त्यांचा आकडा नेमका कागदाच्या पायथ्याशी पेन्सिलच्या आसपास येतो. लेव्हल्सला हे दोन्ही सारखेच, कारण त्याला आकडा कळतो, अक्षर सुलटं की उलटं ते कळत नाही.

उपाय स्कॅन करतानाच आहे. पानाच्या मागे काळा कागद ठेवा. स्कॅनरचा उजेड पातळ कागदातून आरपार जातो, मागच्या पांढऱ्या पानावर आपटून परततो, आणि मागच्या अक्षरांपाशी अडतो. म्हणून ती दिसतात. मागे काळं असलं की कुठूनच फारसा उजेड परतत नाही, आणि अक्षरं असलेल्या-नसलेल्या जागेत फरक कमी होतो. पान आधीपेक्षा अधिक करडं येतं. ते बघून घाबरू नका. एकसारखा करडेपणा काढणं हेच तर लेव्हल्सचं काम आहे.

## मोबाइलने फोटो काढला, एक कोपरा पांढरा आणि एक काळपट

लेव्हल्स सगळ्या पानाला एकच माप लावतं. खिडकीकडचा कागद २०३ आणि माझ्या हाताची सावली पडलेल्या कोपऱ्यात १२० असेल, तर १८८ ची टाचणी त्या कोपऱ्याला काळपट ठेवणार. सावलीतला कागद हा उजेडातल्या अनुस्वारापेक्षा गडद आहे. अशा पानाला चालेल अशी एकही टाचणी नाही. जाड पुस्तक स्कॅन करताना शिवणीकडे जी सावली येते, तिथेही हीच अडचण.

पण सावलीत एक गोष्ट बदलत नाही: शाई आणि कागद यांचं गुणोत्तर. उजेडात शाई ७५, कागद २०३, म्हणजे शाई कागदाच्या सुमारे ३७ टक्के. सावलीत कागद १२० झाला तर शाई ४४ च्या जवळ येते. तेही ३७ टक्केच. म्हणून प्रत्येक पिक्सेलला त्याच्या आसपासच्या कागदाच्या आकड्याने भागलं, की कागद सगळीकडे पांढरा येतो आणि शाई सगळीकडे सारखी.

आसपासचा कागद कसा मिळवायचा? पानाची एक प्रत घेऊन ती इतकी धूसर करायची की अक्षरं विरघळून फक्त उजेड-सावली उरेल. गिम्पमध्ये `Layer > Duplicate Layer`, मग वरच्या प्रतीवर `Filters > Blur > Gaussian Blur`, ३०० डीपीआयला साधारण ६० ते ८० पिक्सेल, आणि त्या प्रतीचा मोड `Divide`. पान डोळ्यांसमोर सपाट होतं. मग दोन्ही थर एकत्र करून नवा हिस्टोग्राम बघायचा आणि लेव्हल्स नव्याने मोजून लावायचं. आधीचे आकडे आता उपयोगाचे नाहीत.

याचीही मर्यादा आहे. जाड मथळा किंवा शाईचा मोठा डाग धूसर प्रतीतही काळाच राहतो, आणि भागल्यावर मधून फिका पडतो. अशा पानाला धूसरपणा वाढवावा, किंवा शक्य असेल तर सरळ ढगाळ दिवशी खिडकीपाशी पुन्हा फोटो काढावा.

## पिवळा कागद, निळी शाई, हळदीची बोटं

रंगीत स्कॅनमध्ये प्रत्येक पिक्सेलला तीन आकडे असतात: लाल, हिरवा, निळा. पिवळसर कागदात लाल जास्त आणि निळा कमी असतो. तिन्हींना एकच पांढरी टाचणी लावली तर पिवळेपणा उरतो. लेव्हल्सच्या खिडकीत वर `Channel` असतं. तिथे एकेक रंग निवडून प्रत्येकाचा पायथा वेगळा धरायचा.

रंग ठेवायचा नसेल तर याहून सोपी वाट आहे. तीनपैकी फक्त लाल भाग घ्यायचा, गिम्पमध्ये `Colors > Components > Extract Component`. पिवळा कागद लाल भागात आधीच उजळ असतो आणि निळी शाई आधीच गडद. डोंगर आपणहून दूर सरकतात. आत्याच्या वहीत कितीतरी पानांवर हळदीच्या बोटांचे ठसे होते, एका पानावर कुंकू सांडलं होतं. लाल भागात हळदही उजळते आणि कुंकूही, म्हणून ते जवळजवळ दिसेनासे झाले. पेन्सिल मात्र सगळ्या भागांत सारखीच करडी, त्यामुळे तिला धक्का लागला नाही.

हाच नियम उलटाही फिरतो. लाल शिक्का, लाल शाईतली दुरुस्ती, किंवा काळाने तपकिरी पडलेली शाई लाल भागात फिकी होते. तिथे हिरवा भाग पाहावा.

## हा मूळ कागदाशी खोटेपणा नाही का?

हा प्रश्न मला घरातच विचारला गेला, आणि तो योग्य आहे. टाचण्यांच्या बाहेर जे गोळा होतं ते परत वेगळं करता येत नाही. कागदाचे तंतू, हळदीचे ठसे, पाण्याचे ओघळ, हे सगळं त्या वहीचं आयुष्यच आहे. म्हणून स्कॅनरमधून आलेली करडी फाइल मी कधीच बदलत नाही. ती वेगळ्या फोल्डरमध्ये तशीच राहते आणि पांढरी प्रत दुसऱ्या नावाने होते. करडी फाइल पाहण्यासाठी आणि जपण्यासाठी, पांढरी वाचण्यासाठी आणि छापण्यासाठी. सरकारी किंवा कोर्टाच्या कामाचा कागद असेल, तर मूळ स्कॅनच जवळ ठेवा आणि मागितला तर तोच द्या.

एकाच वहीची, एकाच स्कॅनरवर, एकाच सेटिंगने घेतलेली पानं असतील, तर एका पानाचे आकडे बहुतेक सगळ्यांना चालतात. इमेजमॅजिक हा मोफत प्रोग्रॅम असेल तर एका पानासाठी एवढं पुरतं:

```
magick pan.png -colorspace Gray -level 21.6%,73.7%,0.8 pan-saf.png
```

५५ ला २५५ ने भागलं की २१.६ टक्के, १८८ ला भागलं की ७३.७ टक्के, आणि शेवटचा ०.८ म्हणजे गॅमा. सगळी पानं एकदम करण्याआधी तीन पानं तपासा: पहिलं, मधलं आणि शेवटचं. वहीच्या दोन्ही टोकांची पानं हवेने जास्त काळवंडतात. माझ्या वहीत पहिल्या आठ पानांचा पायथा १८८ नव्हता, १७४ होता. मधल्या पानांचे आकडे तिथे लावले असते तर कागदावर धूळ राहिली असती. आणि त्या पानांवरची पेन्सिल १५२ होती, म्हणून १७४ ला टाचणी लावूनही ती वाचली.

तपासायची जागाही ठरलेली ठेवा. मी प्रत्येक पानावर समासातलं सर्वांत फिकं टिपण दुप्पट मोठं करून बघतो, मग एखादा अनुस्वार, मग एखाद्या ‘ब’चं पोट. तिसाव्या पानावर, जे मी आधी पांढरंशुभ्र करून टाकलं होतं, तिथे दुसऱ्या खेपेला समासात आत्याच्या हातचं वाचता आलं: ‘ही ओवी आईची. शेवटचा शब्द ती वेगळा म्हणायची.’